कळी काळी पडली

नाशिकच्या आमच्या द्राक्ष सल्ला केंद्रात शेतकऱ्यांनी पाठवलेला मेसेज माणसाच्या हाती यायच्या आधी एका छोट्या प्रोग्राममधून जातो. त्यात शब्दांची यादी आहे: davni, bhuri, ghad, chatni असे. डावणी दिसली की मेसेज रोगाच्या टेबलावर, छाटणी दिसली की दुसरीकडे. यादीतलं काहीच सापडलं नाही किंवा तोच शब्द लागोपाठ दोनदा आला, तर तो मेसेज ‘निरर्थक’ नावाच्या कप्प्यात पडतो. त्या कप्प्यात लॉटरीच्या जाहिराती असतात, खिशात दाबल्या गेलेल्या बटणांची अक्षरं असतात. आणि कधी कधी एखादी बाग असते. दुपारच्या जेवणानंतर तो कप्पा उघडून बघणं हे माझं काम.

नोव्हेंबर होता, अवकाळी पावसाने निफाड आणि दिंडोरी तालुक्यांना झोडपलं होतं. गोडी छाटणी झालेल्या बागा नेमक्या फुलोऱ्याच्या तोंडावर होत्या. कप्प्यात हे पडलं होतं:

```
nmskr sr 2 1kr bag 8vda zala paus kali kali pdli pan pn pivli telkt
dukan wala mhnto flwr b4 ga 4 100 ltr
up4 urgnt sanga 4 wjta blwr lavto
```

नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर हे आकडे आणि अक्षरं सांडल्यासारखं दिसतं. प्रोग्रामचंही चुकलं म्हणता येणार नाही. यादीतला एकही शब्द यात नव्हता आणि `kali kali` ही पुनरुक्ती त्याला जाहिरातीसारखी वाटली. शेतकऱ्याने रोगाचं नाव लिहिलंच नव्हतं, जे दिसलं ते लिहिलं होतं. बहुतेक शेतकरी असंच लिहितात.

अशा वेळी आमची एक पद्धत आहे. एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने स्क्रीन न बघता ऐकायचं. बघणारा अक्षरांत अडकतो, ऐकणाऱ्याला अक्षरं माहीतच नसतात, त्यामुळे त्याच्या कानाला थेट बोलणं सापडतं. फोन घेणाऱ्या आमच्या ताई पिंपळगाव बसवंतच्या, द्राक्षाच्या बागेत वाढलेल्या. मी वाचायला लागलो.

“दोन, एक, के, आर, बाग,” मी म्हणालो.

“दोन एकर बाग,” ताई म्हणाल्या. `1kr` म्हणजे ‘एक’ला लागून ‘कर’, बोलताना एकर. पुढचा `8vda` तर मलाही वाचता वाचताच उमगला, आठवडा. आठवडा झाला पाऊस.

मग आलं `kali kali pdli`. मी ते ‘काली काली पडली’ असं वाचलं. ताई थोड्या थांबल्या. रोमन लिपीत ल आणि ळ एकच, आखूड अ आणि लांब आ बहुतेक वेळा एकच, त्यामुळे या चार अक्षरांत कळी बसते तशी काळीही बसते. बरं, ‘काळी काळी पडली’ हेही चांगलं मराठी आहे. गावाकडे जोर देऊन बोलताना कोणीही असं बोलेल. पण मग काळी काय पडली, ते वाक्यात कुठेच नाही. ताईंनी मला पुढचं वाचायला लावलं: `pan pn pivli telkt`.

“पानं पण पिवळी, तेलकट,” त्या म्हणाल्या. “पानं *पण*. म्हणजे आधी दुसरं काहीतरी सांगितलंय त्याने. कळी काळी पडली, सर.”

त्या एका ‘पण’ने निकाल लावला. आठवडाभर पाऊस, पानांवर तेलकट पिवळे डाग, वर कळी काळवंडलेली. डावणीच्या संशयाला एवढं पुरेसं होतं. ही बुरशी पानावर थांबली तर बाग सावरते, पण फुलोऱ्यात घडावर गेली तर त्या घडाचं वर्षाचं पीक गेलं. घड तपकिरी-काळा होऊन सुकतो आणि नंतर किती फवारलं तरी गेलेली कळी परत येत नाही.

हे असं लिहायची सवय लागली कशी, हा प्रश्न मला बाहेरचे लोक नेहमी विचारतात. आळस हे त्याचं उत्तर नाही. साध्या एसएमएसमध्ये रोमन अक्षरं १६० मावायची, देवनागरीत लिहिलं की ७०च. दोन ओळी लिहिल्या की दुसऱ्या मेसेजचे पैसे. ज्यांनी बटणाच्या फोनवर लिहायला शिकून घेतलं, त्यांनी स्वर गाळले, कारण मराठी कानाला ‘क’मध्ये ‘अ’ असतोच. `nmskr` वाचायला आपल्याला मधले स्वर लागत नाहीत. आणि आकडा हा एका बटणात अक्षरांची अख्खी जुळणी देतो. स्मार्टफोन आले, ७० अक्षरांची अडचण गेली, पण बोटांची सवय राहिली. ण-न, ळ-ल, ट-त वेगळे दाखवणाऱ्या शिस्तीच्या रोमन पद्धतीही आहेत. आयट्रान्समध्ये त्यासाठी मोठी अक्षरं वापरतात. पण मला बागेतून असा मेसेज कधी आलेला नाही.

खरी अडचण दुसऱ्या ओळीत होती. ती आम्ही तीन वेळा वाचली.

या मेसेजमध्ये ४ हा आकडा चार ठिकाणी आहे. `up4` म्हणजे उपचार, तिथे तो मराठीत वाचायचा, चार. `b4` म्हणजे बिफोर, तिथे इंग्रजीत वाचायचा. `4 wjta` म्हणजे खरोखरचे चार वाजता. एकाच माणसाने एका दमात एकच चिन्ह तीन तऱ्हांनी वापरलं होतं आणि लिहिताना त्याला कुठेच अडखळायला झालं नव्हतं, कारण तो मनात बोलत होता. कान या तिन्ही ठिकाणी चटकन भाषा बदलतो. `up` नंतर ‘फोर’ म्हटलं तर शब्दच होत नाही, `b` नंतर ‘चार’ म्हटलं तरी होत नाही.

पण `ga 4 100 ltr`? जीए म्हणजे जिब्रेलिक ऍसिड, घडाची वाढ करणारं संजीवक. हे तीन तऱ्हांनी वाचता येतं आणि तिन्ही कानाला बरोबर लागतात. जीए चार ग्रॅम, शंभर लिटरला. किंवा जीए फॉर शंभर लिटर, म्हणजे मात्रा सांगितलेलीच नाही. किंवा जीए फोर हंड्रेड लिटर, चारशे लिटर पाण्यात. हेक्टरी हजार लिटर पाणी धरलं तर एकराला साधारण चारशेच लिटर येतात, त्यामुळे हा अर्थही अगदी शेतातला.

एक ग्रॅम शंभर लिटरला म्हणजे १० पीपीएम. फुलोऱ्याआधी घड पोपटी रंगाचा असताना त्याच्या पाकळ्या, म्हणजे घडातल्या बारीक फांद्या, मोकळ्या व्हाव्यात म्हणून जीए देतात ते साधारण या मात्रेत. चार ग्रॅम म्हणजे ४० पीपीएम. ती मात्रा मणी सेट झाल्यावर, तीन-चार मिलिमीटरचे झाल्यावर घड बुडवताना वापरतात. तीच फुलोऱ्याआधी मारली तर देठ कडक होतो, घड वेडावाकडा वळतो आणि मणी कमी बसतात. त्यातून घडात आधीच रोग शिरलेला असताना वाढ ढकलायची म्हणजे बुरशीला आणखी कोवळं खाद्य द्यायचं. आणि चार वाजता फवारणीचा ब्लोअर सुरू होणार होता. माझ्या मते मोठ्याने वाचण्याची मर्यादा इथे येते. आवाज शब्द उलगडून देतो, मात्रा ठरवून देत नाही. जिथे दोन अर्थ दोन्ही बोलण्यासारखे असतात, तिथे विचारण्याशिवाय रस्ता नाही.

तीन वाजून गेले होते. ताईंनी फोन लावला.

“दादा, केंद्रातून बोलतेय. तुमचा मेसेज वाचला. ब्लोअर भरला का?”

“भरायला घेतोय, ताई.”

“थांबा जरा. जीए किती सांगितलंय दुकानदाराने?”

“चार ग्राम. शंभर लिटरला चार ग्राम.”

“ते आत्ता मारायचं सांगितलंय?”

पलीकडे क्षणभर शांतता. “तो म्हणला फुलाआधी जीए. आन् चार ग्रामचं पण म्हणला. आता आधीचं का नंतरचं, ते… म्हणून तर तुम्हाला विचारलं ना.”

दुकानदाराने बहुधा दोन फवारण्यांचं एकत्र सांगितलं होतं, ऐकणाऱ्याच्या डोक्यात त्यांची एक झाली आणि मेसेजमध्ये ती एका ओळीत उतरली. ताईंनी त्यांना जीएची पुडी बाजूला ठेवायला सांगितली. मग एक पान तोडून मागच्या बाजूचा फोटो पाठवायला लावला. हे महत्त्वाचं, कारण कळी काळी पडायला डावणी एकटीच कारण नसते. पावसात गळकूजही होते, करप्याचेही काळे डाग पडतात. डावणीची ओळख पानाच्या खाली असते: वर जिथे तेलकट डाग, बरोबर त्याच्या मागे पांढरी लव. फोटोत ती दाट दिसत होती.

त्यांना आम्ही त्या संध्याकाळी जीए न देता डावणीवरचं आंतरप्रवाही आणि स्पर्शजन्य बुरशीनाशक मिळून घ्यायला सांगितलं, पानं कोरडी असताना. पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या यादीतलंच औषध, लेबलवरच्या मात्रेत, कारण त्यांचा माल निर्यातीचा होता आणि औषधाच्या अंशांची तपासणी होते. पूर्ण काळवंडलेले घड काढून बागेबाहेर न्यायला सांगितले. नंतर त्यांनी कळवलं की वरच्या बाजूच्या ओळी वाचल्या, खालच्या सखल भागात पाणी साचत होतं तिथले बरेच घड गेले.

प्रोग्रामचं काय करायचं, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. यादीत शब्द वाढवत न्यायचे तर अंत नाही. एका ‘उपचार’चीच upchar, upachar, upcar, upchr आणि up4 ही रूपं आमच्या जुन्या मेसेजांत सापडली. दुसरा मार्ग म्हणजे सगळ्या शब्दांतले स्वर काढून नुसता व्यंजनांचा सांगाडा जुळवायचा. त्याने पहिली चार रूपं बरीच जवळ येतात. पण मग कळी, काळी, केली, कला हे सगळे `kl` होतात आणि ज्या फरकावर या बागेचं निदान उभं होतं तो फरकच पुसला जातो. म्हणून सांगाडा आम्ही फक्त कप्प्यातून मेसेज बाहेर काढायला वापरतो, अर्थ लावायला नाही. लागोपाठ दोनदा आलेला शब्द आता जाहिरात धरला जात नाही. मराठीत तसं बोलतातच.

आणि औषधाच्या नावाला लागून आकडा असला, तर तो मेसेज कितीही स्पष्ट वाटला तरी उत्तर लिहायच्या आधी फोन होतो. आमच्याकडून जाणाऱ्या उत्तरातही मात्रा आकड्यासोबत अक्षरी आणि एककासह लिहितो: १ (एक) ग्रॅम जीए, १०० (शंभर) लिटर पाण्याला. त्याने मेसेज लांबतो. लांबला तरी चालतो.