शून्याच्या बाजूला

2021 च्या जुलैत कृष्णेला पूर आला तेव्हाची गोष्ट. मी सांगलीत विश्रामबागला अकरावीचे मॅथ्सचे क्लास घेतो. पोरं आपापल्या गावात अडकलेली, म्हणून इनइक्वॅलिटीची वर्कशीट ऑनलाइन फॉर्मवर टाकली, पण फॉर्मात नुसता टाइप करायचा बॉक्स, फोटो जोडायची सोयच नाही, आणि उत्तर तर नंबर लाइनवर दाखवायचं असतं. मग वर सूचना लिहिली, चित्र शब्दांत सांगा: टोक कुठल्या आकड्यावर, गोल भरीव की पोकळ, रेघ कुठल्या बाजूला.

पहिलंच गणित 7 − 2x < 13. म्हणजे −2x < 6, आणि −2 ने भागताना चिन्ह उलटतं, x > −3. बऱ्याच जणांनी लिहिलं "−3 वर पोकळ गोल, डावीकडे". चिन्ह उलटवलं नाही, उघड आहे. अशा वेळी मी सरळ 0 टाकून बघायला सांगतो: 7 < 13 खरं, म्हणजे 0 रेघेत यायलाच पाहिजे, आणि 0 तर −3 च्या उजवीकडे. एवढ्यात निकाल लागतो.

पण एका पोरीचं उत्तर होतं "−3 वर पोकळ, शून्याच्या बाजूला रेघ". आता काय मार्क द्यायचे? बाजू बरोबर आहे, पण रेघ शून्यापाशी थांबली तर ते −3 < x < 0 झालं, वेगळंच उत्तर. वहीत बाण काढला असता तर प्रश्नच नव्हता. शेवटी फोन लावला.

"अगं, तुझ्या रेघेत 5 येतो का?"

"येतो की सर, 100 पण येतो."

दिले पूर्ण मार्क. पुढच्या वर्कशीटला सूचनेत एक ओळ वाढवली, रेघ कुठे थांबते की पुढे जातच राहते तेही लिहा.

खरी गंमत −5 ≤ 2x − 1 < 7 ला आली. सगळीकडे 1 मिळवा, 2 ने भागा, −2 ≤ x < 4. एका पोराने लिहिलेलं, "−2, −1, 0, 1, 2, 3 वर भरीव टिंब." बास, मधे रेघच नाही! कागदावर तो टिंबं काढून वरनं रेघ ओढून देतो, इतरांचं बघून असेल कदाचित, त्यामुळं त्याच्या डोक्यात x म्हणजे फक्त पूर्णांक आहे हे कधी कळलंच नसतं. x पूर्णांक असता तर उत्तर एकदम बरोबर होतं, पण वर्कशीटवर रिअल नंबर म्हणून स्पष्ट लिहिलेलं. त्यालाही फोन केला.

"सर, म्हणजे 2.5 पण?"

"2.5 पण, 3.99 पण."

"मग 4 का नको?"

"टाकून बघ."

जरा वेळ गेला. "7 < 7 येतंय सर."

"मग खरं आहे का ते?"

"नाही. पोकळ गोल."