उतू गेलेलं दूध

बेळगावचा पाऊस जुलैत एकदा बसला की उठायचं नाव घेत नाही. त्या रविवारी मीही तसाच बसलो होतो. शहापुरातलं जुनं घर, सोप्यात खुर्ची, कौलांच्या पागोळ्या आणि हातात निवलेला चहा. मनात ना घाई, ना इच्छा. किती शांत वाटतंय, असं मी स्वतःशीच म्हणत होतो. तेवढ्यात आतून आवाज आला, "अहो, दूध उतू गेलं की! बघा म्हणून सांगितलं होतं ना?"

सांगितलं होतं खरं. स्वयंपाकघर माझ्यापासून दहा पावलांवर. करपल्याचा वास सोप्यापर्यंत आला होता, तो शेजारच्या अक्कांनाही आला, मला तेवढा आला नाही. "शांत बसलो होतो जरा," मी म्हटलं. आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "शांत नव्हतास, सुस्त होतास."

हे वाक्य मला दिवसभर पुरलं. सत्त्व आणि तम लांबून सारखेच दिसतात. दोन्हीत माणूस गप्प असतो, धडपड नसते. म्हणून आपल्या तमाला सत्त्व समजण्याची चूक फार सोपी आहे, आणि सुट्टीच्या दिवशी तर मोहाचीही. गीतेच्या चौदाव्या अध्यायात ओळखायची खूण मात्र अगदी साधी दिली आहे. सत्त्व वाढलं की देहाच्या सगळ्या दारांत प्रकाश येतो. दारं म्हणजे डोळे, कान, नाक वगैरे. तम वाढला की अप्रकाश, अप्रवृत्ती, प्रमाद आणि मोह. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. म्हणजे प्रश्न किती स्वस्थ बसलात हा नाही, नाकाला वास येत होता का हा आहे. माझं एक दार तर नक्कीच बंद होतं.

आईचं बघा. तीही तासभर हललेली नव्हती. पण सुपातल्या तांदळात एक पांढरा खडा, तांदळाएवढाच, तो तिच्या बोटांना सापडत होता. दारावरून कोण गेलं, पाऊस कधी कमी झाला, अक्कांकडे आज पाहुणे आहेत, सगळं तिला ठाऊक. बसणं तिचंही आणि माझंही, फरक एवढाच की ती तिथे होती.

मग मी काय केलं? अपराधी वाटून उठलो आणि ओटा घासायला घेतला. ओटा घासताना डबे दिसले, ते उतरवले. डब्यांमागचं कपाट दिसलं, ते ओढलं. कपाटात जुन्या पावत्या, त्या लावायला घेतल्या. साडेअकराला पाच कामं सुरू होती आणि एकही पुरं नव्हतं. वर, जेवायला कोणी हाक मारली की मीच खेकसत होतो. हा रज. 'आरम्भः कर्मणामशमः', कामांचे आरंभ आणि न शमणं, असं गीतेनं त्याचं वर्णन केलंय. मला वाटतं, त्या आरंभातच सगळी मजा असते, म्हणून कपाट रिकामं करायला हात शिवशिवतो आणि परत भरायला नको वाटतं. तरी एक कबूल केलं पाहिजे. खुर्चीतून मला उठवलं ते याच रजानं, आईच्या ज्ञानानं नाही. बधिर माणसाला आधी हलवावं लागतं. शांत बसवण्याचा विचार नंतरचा.

जेवताना बायको म्हणाली, "ठेचा नको, रजोगुण वाढेल." तिखटाबद्दल गीता काय म्हणते, ते मी लगेच सांगून टाकलं. सतराव्या अध्यायात कडू, आंबट, खारट, तिखट यांची यादी आहे. तिच्यात एका ठिकाणी 'अति' शब्द येतो आणि शंकराचार्यांच्या भाष्यानुसार तो सगळ्यांना लावायचा. म्हणजे बोट ठेच्याकडे नाही, अतीकडे आहे. कांदा-लसणाचं तर त्या श्लोकांत नावच नाही. एवढं बोलून मी ठेचा तिसऱ्यांदा घेतला.

आता सत्त्वाची गंमत. पुढचा आठवडाभर मी दूध राखलं. गॅसपाशी उभा राहायचो, कडेनं साय उचलायला लागली की आच कमी करायचो. बुधवारपर्यंत मला बरं वाटू लागलं, गुरुवारपासून मी ते सगळ्यांना सांगू लागलो. ऑफिसात, गल्लीच्या तोंडाशी, फोनवर बहिणीला. सत्त्वसुद्धा बांधतं, सुखाच्या आणि ज्ञानाच्या आसक्तीनं, असं त्याच चौदाव्या अध्यायाच्या सहाव्या श्लोकात सांगितलंय. बहिणीला तोच श्लोक मी समजावून सांगत होतो, तेव्हा परड्यातून आईचा आवाज आला.

"दूध राखलंस, बरं केलंस. रविवारचं ते भांडं अजून इथं भिजत पडलंय, ते कधी घासणार?"