जोर लावत नाही, असं लिहिलेला हात

चिठ्ठीत कारखान्याच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं, ‘पकड ६ किलो. पाचही खाचांवर आलेख सपाट. रुग्ण मुद्दाम जोर लावत नाही.’ लेथवर काम करणारा माणूस. चार महिन्यांपूर्वी दंडाचं हाड मोडलं, प्लेट बसली, रेडियल नस दुखावली आणि मनगट लोंबायला लागलं. बोटं मिटवणाऱ्या स्नायूंना दुसऱ्या नसा जातात आणि त्या शाबूत होत्या, त्यामुळे पकड जायचं कारण नाही, असा त्यांचा हिशेब. त्या हिशेबावर पगार थांबला होता.

पकड मोजायच्या यंत्राला हँडल जवळ-लांब करायच्या पाच खाचा असतात. माणूस खरोखर जीव तोडून दाबत असेल तर मधल्या खाचांवर आकडा चढतो, टोकांना उतरतो. यामागे स्नायूची लांबी आहे. स्नायूत मायोसिन या प्रथिनाचे हुकासारखे आकडे ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाच्या धाग्याला धरून ओढतात. स्नायू फार ताणला तर फार थोड्या आकड्यांना धागा सापडतो, फार आखडला तर धागे एकमेकांवर चढून अडतात. बेडकाच्या एकट्या स्नायुतंतूवर १९६६ साली हे नेमकं मोजलं गेलं. सोंग करणारा मात्र सगळीकडे बेतानेच दाबतो, म्हणून त्याची रेघ सपाट, असं ही चाचणी धरून चालते.

पण हे सगळं मनगट जागेवर राहिलं तर. बोटांचे स्नायू मनगट ओलांडून बोटांकडे जातात. मनगट मागे धरून ठेवणारं कोणी नसेल तर ते आधी मनगटच दुमडतात आणि त्यात स्वतःच आखडून बसतात. हँडल कुठल्याही खाचेत असो, जोर आधीच गेलेला. मनगट पूर्ण आत वाकवून मूठ आवळून बघा, लगेच कळेल.

मी त्यांचं मनगट स्प्लिंटमध्ये साधारण ३० अंश मागे बांधलं. दुसऱ्या खाचेवर २१ किलो आले आणि आलेखाला बाकही आला. ही पाच मिनिटांची गोष्ट चार महिन्यांत कोणालाच करावीशी वाटली नाही, याचा मला राग आहे.

तरी स्प्लिंटमुळे पकड वाढली म्हणजे मनगटाबाबतही माणूस खरा, हे सिद्ध होत नाही. म्हणून स्नायूतल्या विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारी सुई. आधी स्प्लिंट काढून बोटांच्या स्नायूत घातली. ‘दाबा दादा, जेवढं येईल तेवढं.’ पडदा लहरींनी गच्च भरला, म्हणजे स्नायू जवळजवळ सगळा कामाला लागला होता. यंत्रावर मात्र तेच ६ किलो. मग मनगट उचलणाऱ्या स्नायूत.

मेंदू स्नायूला एकदम जुंपत नाही. मज्जारज्जूतली लहान पेशी आधी जागी होते, जोर वाढवायचा तशा मोठमोठ्या जाग्या होत जातात. हेनेमन यांनी ते दाखवून दिलं. अशी एक पेशी आणि तिच्या हाताखालचे स्नायुतंतू मिळून एक युनिट. पहिलं युनिट सेकंदाला साधारण दहा वेळा ठोकायला लागेपर्यंत दुसरं सामील होतं. माणूस अंग चोरत असेल तर थोडीच युनिट्स दिसतात आणि तीही सावकाश ठोकतात. नस अर्धवट तुटलेली असेल तर पुढची युनिट्स हाकेला उरलेलीच नसतात, म्हणून आहे ते एकटं बिचारं जास्त जास्त वेगाने धावतं. माझ्या पडद्याची रुंदी १०० मिलिसेकंद. त्यात एकच तुटक, खडबडीत लहर दोनदा, कधी तीनदा येत होती. म्हणजे सेकंदाला वीसहून जास्त, आणि सोबतीला कोणी नाही. स्पीकरवर तो आवाज ऐकताना मला वाद उरला नव्हता.

‘मी जोर लावतोय ओ डॉक्टर,’ ते म्हणाले. मी म्हटलं, ‘दिसतंय मला, दादा.’

चिठ्ठीत आणखी एक आरोप होता: पाण्याची छोटी बाटली हातात देऊन मनगट वर ठेवून दिलं तर सावकाश खाली सोडता येतं, उचलता मात्र येत नाही, हे ‘विसंगत’. विसंगत काहीच नाही. आखडताना वेग वाढेल तसा स्नायूचा जोर घटतो, कारण आकड्यांना धरायला वेळ पुरत नाही. लांब होता होता मात्र तोच स्नायू एका जागी रोखून धरतानाच्या जोरापेक्षाही जास्त पेलतो. दुबळ्या स्नायूत हा फरक उघडा पडतो. ए. व्ही. हिल यांचा जोर आणि वेगाचा आलेख १९३८ पासून आपण सगळेच शिकतो, परीक्षेपुरता.

अहवालात मी ठोक्यांचा वेग लिहिला. त्यावर पत्र आलं: प्रयत्न किती टक्के, ते कळवा. अशी टक्केवारी सुईतून निघत नाही. सावकाश ठोके दिसले असते तर ते दुखण्यामुळे, मेंदूतल्या बिघाडामुळे की अनिच्छेने, हेही सुई सांगू शकली नसती. वेगाने धावणारं एकटं युनिट मात्र सोंगाने आणता येत नाही, एवढंच मी परत लिहून पाठवलं. त्या खडबडीत लहरी नव्याने जोडल्या जाणाऱ्या नसेच्या आहेत, हेही लिहिलं. पगार सुरू झाल्याचं अजून कळलेलं नाही.