भागाकार करता येऊ नये असा बायोडेटा

“सर, तीन वर्षं शेडनेटमध्ये बीजोत्पादनाचं काम केलं, पण रुजू होतानाच बाँडवर सही घेतली होती. कंपनीचं नाव, वाण, आकडे, काहीच बाहेर सांगायचं नाही. मग बायोडेटात लिहू तरी काय?”

देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा या आमच्या भागात शेडनेटमधले भाजीपाला बीजोत्पादन इतके पसरले आहे की हा प्रश्न मला दर हंगामाच्या शेवटी कोणीतरी विचारतेच. या वेळी तुम्ही विचारलात आणि सोबत बायोडेटाचा कच्चा मसुदाही पाठवलात, म्हणून सविस्तर लिहितो. तुमच्या मसुद्यातली चूक मी स्वतः फार पूर्वी केलेली आहे, हे त्यामागचे आणखी एक कारण.

पहिली नोकरी सोडल्यावर मी बायोडेटात मोठ्या अभिमानाने लिहिले होते की, टोमॅटोच्या संकरित बियाण्यासाठी प्रत्येकी दहा गुंठ्यांच्या 24 शेडनेटवर देखरेख केली आणि हंगामात 264 किलो बियाणे जमा केले. कंपनीचे नाव मी कटाक्षाने वगळले होते, वाणाचा संकेतांकही लिहिला नव्हता, त्यामुळे बाँड पाळला असे मला मनापासून वाटत होते. मुलाखत घेणाऱ्या गृहस्थांनी कागद वाचला, टेबलावरचा कॅलक्युलेटर ओढला आणि सहज विचारले, “म्हणजे एका नेटला अकरा किलो, नाही का?” मी खूश होऊन मान डोलावली. त्यांनी ते वहीत टिपून घेतले, चहा पाजला, आणि पुढे त्यांच्याकडून काहीही कळले नाही. एका नेटमागे किती बी निघते हा आमच्या धंद्यातला जपून ठेवायचा आकडा असतो, कारण शेतकऱ्याला द्यायचा दर त्यावर ठरतो आणि प्रतिस्पर्ध्याला तो कळला की पुढच्या हंगामात तेच शेतकरी चार रुपये जास्त देऊन त्याच्याकडे वळवता येतात. मी तो आकडा कुठेही लिहिलेला नव्हता. मी फक्त भाज्य आणि भाजक शेजारी शेजारी मांडून ठेवले होते.

तुमच्या मसुद्यातही तेच झाले आहे. वेगवेगळ्या ओळींत शेतकऱ्यांची संख्या आहे, एकूण क्षेत्र आहे, एकूण वजन आहे आणि शेतकऱ्यांना वाटलेली एकूण रक्कमही आहे. यातला कोणताही एक आकडा एकटा असता तर फारसे बिघडले नसते, पण क्षेत्र आणि वजन मिळून उतारा सांगतात, आणि वजन व रक्कम मिळून दर सांगतात. म्हणून माझा नियम असा की एका कामाविषयी प्रमाण दाखवणारा एकच आकडा ठेवायचा. तुम्ही किती जणांवर देखरेख केली हे सांगायचे असेल तर शेतकऱ्यांची संख्या ठेवा, तीही “तीसहून अधिक” अशी, आणि क्षेत्र, वजन, रक्कम तिन्ही काढून टाका. नोकरी देणाऱ्याला तुम्ही एका वेळी किती प्लॉट सांभाळू शकता एवढेच जाणून घ्यायचे असते, आणि ते त्या एका आकड्यातून कळते.

आता बाँडकडे येऊ. तुम्ही ज्याला एक बाँड म्हणता त्या कागदात सहसा दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि त्या वेगळ्या वाचल्या पाहिजेत. एक, ठरावीक मुदतीआधी नोकरी सोडल्यास अमुक रक्कम भरण्याची अट. ती पैशांची बाब आहे, बायोडेटाशी तिचा संबंध नाही, आणि तुमची मुदत तर पूर्ण झाली आहे. दुसरी, गोपनीयतेची अट, जी नोकरी सुटल्यावरही चालू राहते. गावात कोणी सांगते की भारतीय करार कायदा, 1872 मधल्या कलम 27 मुळे असले बाँड टिकतच नाहीत. हे अर्धवट ऐकलेले आहे. नोकरी सोडल्यानंतर प्रतिस्पर्ध्याकडे कामच करायचे नाही, अशी बंदी त्या कलमामुळे साधारणपणे टिकत नाही हे खरे. परंतु मालकाची गुपिते बाहेर न सांगण्याचे बंधन त्यामुळे सुटत नाही. कागदात “गोपनीय माहिती” म्हणजे काय याची व्याख्या असलेला परिच्छेद शोधा. बहुतेक ठिकाणी त्यात नर-मादी वाण, उत्पादनाचे आकडे, दर, शेतकऱ्यांची यादी आणि ज्या कंपनीसाठी बियाणे तयार होते तिचे नाव एवढे असते, आणि जी माहिती आधीपासून सर्वांना ठाऊक आहे ती वगळलेली असते.

या वगळलेल्या भागातच तुमचा बायोडेटा आहे. टोमॅटोची कळी उमलण्याच्या आदल्या दिवशी पुंकेसर काढतात, दुसऱ्या दिवशी सकाळी नराचे पराग लावतात, क्रॉसिंग झालेल्या फुलाची खूण म्हणून बाहेरची एक-दोन हिरवी दळे कापतात, आणि खूण नसलेले फळ तोडून टाकतात. हे कृषी महाविद्यालयात शिकवतात, ते कोणाच्या मालकीचे नाही. त्या कामात तुम्ही काय सुधारले ते मात्र तुमचे आहे, आणि तेच नेमके तुम्ही मसुद्यात लिहिलेले नाही.

फोनवर तुम्ही सांगितलेत की पहिल्या हंगामात एक लॉट जीओटीत, म्हणजे बी पेरून झाडे वाढवून आनुवंशिक शुद्धता पाहण्याच्या चाचणीत, नापास झाला होता. कारण शोधताना तुमच्या लक्षात आले की मजूर बाया उशिराच्या कळ्या घेत होत्या, पुंकेसर काढण्याआधीच पराग सुटलेला असायचा, आणि मादी झाड स्वतःच्याच परागाने फळत होते. मग तुम्ही रोज संध्याकाळी ओळीतून फिरून काढलेल्या कळ्या हातात घेऊन तपासण्याची पद्धत बसवलीत, आणि नंतरचे दोन्ही हंगाम निर्वेध गेले. हे तुमच्या तीन वर्षांतले सर्वांत मोलाचे काम आहे. ते लिहिताना पहिल्यांदा मनात येणारे वाक्य असे असते: “नापास लॉटचे प्रमाण शून्यावर आणले.” हे वाक्य मी खोडायला लावीन, कारण शून्यावर आणले म्हणजे आधी शून्य नव्हते, आणि अमुक वर्षी आमच्या तालुक्यात टोमॅटोचा लॉट कोणाचा फेकला गेला हे ओळखायला या धंद्यातल्या माणसाला चहा संपेपर्यंतचाही वेळ लागत नाही. त्याऐवजी मी असे लिहीन:

“संकरित टोमॅटो बीजोत्पादनात पुंकेसर काढण्याच्या कामाची रोज संध्याकाळी कळीनिहाय तपासणी बसवली आणि तीसहून अधिक बीजोत्पादक शेतकऱ्यांच्या मजुरांना कळीची योग्य अवस्था ओळखण्याचे प्रशिक्षण दिले. ही पद्धत लागू असलेल्या सलग दोन हंगामांत माझ्या देखरेखीखालील सर्व लॉट आनुवंशिक शुद्धतेच्या चाचणीत स्वीकारले गेले.”

पहिला हंगाम त्यात नाही, आणि एकही शब्द खोटा नाही. गुणवत्ता दाखवताना नेमकी टक्केवारीही टाळा. टोमॅटोच्या बियाण्याची उगवण किमान 70 टक्के असावी हे शासनाचे मानक सर्वांना खुले आहे, तेव्हा “उगवण शासकीय मानकापेक्षा सातत्याने अधिक” एवढे पुरते. तुमच्या लॉटची 90च्या घरातली नेमकी संख्या ही ज्याने बियाणे विकत घेतले त्याची माहिती आहे.

नावाचे काय करायचे, तर तुमच्या बाबतीत नावे दोन आहेत आणि ती गल्लत बहुतेक जण करतात. तुमचा पगार कंपनीसाठी शेतकऱ्यांकडून बियाणे तयार करून घेणाऱ्या ऑर्गनायझरच्या खात्यातून होत होता, बियाणे मोठ्या कंपनीचे होते. ऑर्गनायझरचे नाव लपवू नका. भविष्य निर्वाह निधीच्या यूएएन खात्यात तुमच्या नोकऱ्यांची नोंद आस्थापनेच्या नावासह दिसते, अनुभवाचा दाखलाही त्याच नावाचा आहे, आणि बायोडेटातले नाव व पदनाम त्याच्याशी जुळले नाही तर पडताळणीत संशय तुमच्यावर येतो. लपवायचे आहे ते ग्राहक कंपनीचे नाव. तिथे “राष्ट्रीय पातळीवरील भाजीपाला बियाणे कंपनी” असे लिहायचे, पण आधी ते वर्णन आपल्याच तालुक्यात किती कंपन्यांना लागू पडते हे मोजायचे. चार-पाच बसत असतील तर ठीक. तुम्ही लिहिलेल्या “बंगळुरूची, ढोबळी मिरचीत आघाडीवर असलेली बहुराष्ट्रीय कंपनी” या वर्णनात नाव नाही, पण इथे ते वाचणारा प्रत्येक जण नावच वाचेल. त्याच कारणाने गावांची नावेही काढा. “बुलढाणा जिल्हा” पुरेसे आहे.

मसुदा तयार झाला की त्यातल्या या नोकरीविषयीच्या ओळी, फक्त तेवढ्याच, ऑर्गनायझरला ई-मेलने पाठवा आणि या स्वरूपात लिहिण्यास हरकत आहे का असे विचारा. पूर्ण बायोडेटा पाठवू नका, आणि फोनवरच्या होकारावर विसंबू नका. बहुतेक वेळा एखादा शब्द बदलायला सांगतात आणि परवानगी देतात. उत्तर आलेच नाही तर त्याला होकार समजू नका. मात्र वरच्यासारख्या ओळी, ज्यांत त्यांचे काहीच उघड होत नाही, त्या ठेवायला मला तरी अडचण दिसत नाही. व्याख्येचा परिच्छेदच फार मोघम असेल, म्हणजे “कामासंबंधीची कोणतीही माहिती” असा, तर तो एकदा वकिलाला दाखवून घ्या.

मुलाखतीत तुम्हाला मादी वाणाबद्दल किंवा दराबद्दल विचारतीलच. काही जण खरोखर माहिती काढण्यासाठी विचारतात, काही जण तुम्ही सांगता का हे पाहण्यासाठी, आणि समोरून ते ओळखता येत नाही. दोघांनाही एकच उत्तर द्या: “ते करारामुळे सांगता येणार नाही, पण कळी कोणत्या अवस्थेत घ्यायची आणि चुकलेली कशी ओळखायची ते सांगते.” आणि मग खरोखर सांगा, कागदावर कळी काढून सांगा. माझ्यासमोर बसलेल्या उमेदवाराने असे केले तर उताऱ्याचा आकडा मला नको असतो.

एक राहिले. तुम्ही मसुद्याबरोबर जोडलेल्या सहा फोटोंपैकी तिसऱ्यात झाडाला बांधलेले लेबल मोठे करून पाहिले तर नर आणि मादी दोघांचे संकेतांक वाचता येतात, आणि पाचव्यात नेटच्या दारावरच्या पाटीवर शेतकऱ्याचे नाव आणि गट नंबर आहे. ते दोन्ही आजच काढून टाका, आणि उरलेले चार पाठवण्याआधी त्यांच्यासोबत फोनने जोडलेले ठिकाण पुसले आहे ना, ते पाहा.