भोपळा इंग्रजीत घरंगळतोय: कामाची नोंद

मंडळी, मागच्या नोंदीत लिहिलं होतं की ‘म्हातारी आणि भोपळा’ चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी इंग्रजीत सांगायला घेतलीय. बत्तीस पानी चित्रपुस्तकाचा ढाचा, त्यात शीर्षकाची वगैरे पानं वजा जाता चौदा जोडपानं हातात उरतात, आणि मजकूर पाचशे शब्दांच्या आत ठेवायचा. कथा सांगून झाली की हे आकडे पुरतात. अडतं ते दोन कडव्यांपाशी. या गोष्टीचा जीव त्या दोन कडव्यांत आहे, बाकीचं गद्य म्हणजे त्यांना जोडणारी दोरी. म्हणून या खेपेला बहुतेक सगळा वेळ कडव्यांवर गेला.

पहिलं कडवं जातानाचं. वाळकी म्हातारी लेकीकडे निघालीय, वाटेत जनावर आडवं येतं आणि ‘तुला खातो’ म्हणतं. म्हातारी म्हणते:

लेकीकडे जाईन,
तूप-रोटी खाईन,
लठ्ठमुठ्ठ होईन,
मग मला खा!

हे मोठ्यानं म्हणून बघा. जाईन, खाईन, होईन असे तीन सारखे हेलकावे, आणि चौथ्या ओळीत ‘खा’ हा एकच आपटी मारणारा शब्द. मराठीत क्रियापद शेवटी येतं म्हणून यमक आयतं मिळतं. इंग्रजीत क्रियापद पुढे सरकतं, त्यामुळे ओळीच्या शेवटी ही गंमत करताच येत नाही. मी ती ओळीच्या सुरुवातीला नेली:

लेट मी गो टू माय डॉटर्स हाउस,
लेट मी ईट रोटी अँड घी,
लेट मी ग्रो राउंड अँड राउंड अँड राउंड,
अँड देन यू कॅन ईट मी!

तीनदा ‘लेट मी’ आल्यानं मराठीतले तीन हेलकावे राहिले. ठेका चार-तीन-चार-तीन असा आहे, म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत चार आघात, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीत तीन. इंग्रजी बडबडगीतांत आणि पोवाड्यासारख्या जुन्या कथागीतांत हा ठेका इतका मुरलेला आहे की इंग्रजी वाचणाऱ्याला तो शिकवावा लागत नाही. आपण मराठीत स्वर ताणून मात्रा भरतो, ‘म्हाताऽरी कोताऽरी’ असं. इंग्रजीत असं ताणलं की वाचणारा बुचकळ्यात पडतो. तिथे आघात मोजायचे, मधली हलकी अक्षरं दाटीवाटीनं बसली तरी चालतात. ‘टू माय’ ही दोन अक्षरं एका श्वासात निघून जातात आणि ओळ लंगडत नाही.

‘लठ्ठमुठ्ठ’साठी तिकडचा सरळ शब्द घेतला असता तर तो लहान मुलांच्या पुस्तकात आज खटकला असता, आणि खरं सांगायचं तर त्या शब्दात आपल्या ‘लठ्ठमुठ्ठ’मधला लाडही नाही. ‘राउंड’मध्ये गोल होणंही आलं आणि गोल-गोल फिरणंही आलं. पुढे म्हातारी भोपळ्यात बसून घरंगळणार आहे, त्याचं बी इथेच पडतं. आधीच्या एका खर्ड्यात ‘भोपळ्यासारखी गोल’ अशी उपमा होती. ती काढली, कारण मुलाला भोपळा आधीच दाखवून टाकला तर लेकीची युक्ती शिळी होते.

दुसरा फायदा ‘घी’ आणि ‘मी’ या यमकाचा. परदेशातला एखादा बाबा रात्री मुलाला वाचून दाखवताना ‘घी’ या शब्दापाशी हमखास अडखळतो. यमक असलं की पुढची ओळच त्याला उच्चार सांगते. तळटीप नको, शब्दसूची नको. फक्त पहिल्या वाचनात उच्चार आधी करावा लागतो आणि यमक नंतर येतं, म्हणजे अडखळणं एकदाच होतं. कडवं तीनदा येणार असल्यानं एवढं चालतं.

‘खा’ची आपटी मात्र यमकात विरघळली. ती पान उलटण्यातून परत आणायचा प्रयत्न चाललाय. पहिल्या तीन ओळी उजव्या पानाच्या तळाशी संपतात आणि चौथी ओळ पान उलटल्यावर मोठ्या अक्षरात येते. दुसऱ्या खेपेपर्यंत मूल पान उलटायच्या आधीच ओरडतं. निदान ओरडायला हवं. तसं झालं नाही तर कडवं पुन्हा मोडायचं.

आता परतीचं कडवं. हे सगळ्यात अवघड.

म्हातारी कोतारी मला नाही ठाऊक,
चल रे भोपळ्या टुणूक टुणूक!

‘टुणूक’ सोडायचं नाही, हे पहिल्यापासून ठरलेलं. तिकडचे ‘बंप’, ‘थंप’ वगैरे आवाज जड आहेत, ते पिंप गडगडल्यासारखे वाटतात. टुणूकमध्ये उडी आहे. पण रोमन लिपीत ते लिहायचं कसं? टी-यू-एन-यू-के असं लिहिलं की ‘ट्यूना’ माशाच्या चालीवर ‘ट्यूनक’ वाचलं जातं. माझी वहिनी इंग्लंडात प्राथमिक शाळेत शिकवते. तिनं एका सहकारी बाईंना कागद दिला आणि काही न सांगता वाचायला लावलं, तेव्हा नेमकं हेच ऐकू आलं. शेवटी ‘डबल ओ’ घातला, आणि घीची युक्ती इथेही वापरली:

ओल्ड वुमन? हू नोज विच रोड शी टुक?
रोल, पंपकिन, रोल! टुणूक, टुणूक!

‘टुक’ आधी येतं म्हणून ‘णूक’ आपोआप बरोबर पडतं. ‘ण’ गेला, त्याला इलाज नाही. दोन्ही ओळींत चार-चार आघात आहेत. ‘मला नाही ठाऊक’ हा अर्थही हलला नाही. ‘टेक अ लुक’ असं यमक आणखी सोपं होतं, पण त्यात म्हातारी वाघाला आत डोकावून बघायला बोलावते. तशी ती उद्धट आणि बेसावध होते, आणि गोष्टीचं तात्पर्यच हलतं. तिनं भोपळ्याच्या वतीनं साळसूदपणे कानावर हात ठेवायला हवेत. ‘कोतारी’ला पर्याय सापडला नाही. न्यूयॉर्ककडच्या बोलीत शब्दाची खिल्ली उडवायला ‘ओल्ड वुमन, श्मोल्ड वुमन’ म्हणता येतं, आणि अर्थ तंतोतंत बसतो. पण मग आपली म्हातारी थेट ब्रुकलिनची वाटायला लागते. सोडून दिलं.

तात्पर्याबद्दल थोडं. शक्तीपेक्षा युक्ती मोठी, हे आपल्याला लहानपणी शेवटी सांगितलं जायचं. चित्रपुस्तकात ते वाक्य छापलं की पुस्तक मिटतं. म्हणून युक्ती कडव्यांच्या आतच ठेवली: जनावर तेच, दात तेच, आणि दर खेपेला म्हातारी दोन-चार ओळींत निसटते. वहिनीच्या वर्गात एका मुलानं विचारलं, म्हातारी खोटं बोलली ना? चांगला प्रश्न आहे. काहींनी सुचवलं की शेवटी जनावरांना भोपळ्याची भाजी खाऊ घालून दोस्ती करून टाक. मी नाही म्हटलं. वाघ मित्र झाला की मग भोपळ्याची गरजच काय होती? मूल वर्गात भांडलं तर भांडू दे. लेकीला मात्र मी जरा जास्त जागा दिलीय. पुष्कळ घरांत भोपळ्याची युक्ती तिची असते, आणि घाईघाईनं सांगताना ती हरवते. तिच्यासाठी एक अख्खं जोडपान ठेवलं, शब्द फक्त नऊ.

जनावरांचा क्रम चित्रामुळे बदलला. तोंडी सांगताना वाघ आधी की कोल्हा आधी, कुणी बघत नाही. चित्रात वाट दिसते. जाताना जो पहिला भेटला तो येताना शेवटी भेटायला हवा, आणि मुलं हे धरतात. म्हणून जाताना कोल्हा, अस्वल, वाघ. येताना वाघ, अस्वल, कोल्हा. गावाजवळ कोल्हा, आत रानात वाघ, हे आपल्याकडच्या जंगलालाही धरून आहे. शिवाय सगळ्यात चलाख जनावर शेवटी आलं की गोष्ट चढत जाते. एक सूचना चित्रकाराला ठळक लिहून दिलीय: आपला कोल्हा म्हणजे इंग्रजीतला ‘जॅकल’. ‘फॉक्स’ म्हणजे आपली खोकड. ‘फॉक्स’ लिहिलं असतं तर चित्रात पांढऱ्या शेपटीटोकाचं युरोपातलं लाल जनावर आलं असतं. अस्वलही काळं, झिपरं, छातीवर पांढरा पट्टा असलेलं हवं. भोपळा लाल भोपळाच, पण हॅलोविनचा नारिंगी नको. हिरवट-तपकिरी, चपटा, बाजारात फाकी कापून मिळतो तसा.

शेवटच्या भेटीत काही घरांत कोल्हा भोपळा अडवतो, काही घरांत म्हातारी सरळ घरी पोचते. बंगालीत तर ती दुधी भोपळ्यातून येते आणि तिचे कुत्रे धावून येतात. मी अडवणारा कोल्हा घेतला, कारण त्यामुळे ठेका एकदा मोडता येतो. ‘टुणूक, टु—’ एवढंच छापलंय, उरलेलं पान कोरं, वर फक्त कोल्ह्याचा पंजा. पान उलटलं की कोल्हा विचारतो, ‘सिन्स वेन डू पंपकिन्स टॉक?’ आतून उत्तर येतं, ‘सिन्स जॅकल्स स्टार्टेड आस्किंग!’ तो डोकं खाजवतोय तोवर भोपळा उताराला लागलेला. हा संवाद माझ्या पदरचा आहे, आणि पुस्तकाच्या मागच्या टिपेत तसं लिहिणार. लोककथा घरोघर बदलते हे खरं, पण माझी भर आजीच्या नावावर खपवायची नाही.

आणखी एक वाद चालू आहे. एका संपादन करणाऱ्या मित्राचं म्हणणं, पहिलं कडवं तीनदा पूर्ण छापलंस तर ऐंशीवर शब्द जातात, तिसऱ्यांदा नुसतं ‘लेट मी गो...’ लिहून चित्रावर सोड. मी उलट केलं. कडवी शब्दशः पूर्ण ठेवली आणि मधलं गद्य कापलं. पहिल्या भेटीला चार वाक्यं, दुसरीला दोन, तिसरीला एक: ‘देन केम द टायगर.’ मुलाला कडवं येत असतं, त्याला गद्यात रस नसतो. कडवं तोडलं की त्याच्या तोंडातला घास काढल्यासारखं होतं.

कच्ची बांधणी आता पूर्ण आहे. पुढच्या आठवड्यात वहिनी तीच दुसऱ्या वर्गात नेणार आहे, आणि वाचणार ती नाही, गोष्ट कधीच न ऐकलेल्या बाई. वहिनी मागे बसून दोनच खुणा करणार: बाई कुठे अडखळल्या आणि मुलं कितव्या खेपेला सुरात आली. तिसऱ्या भेटीपर्यंत ती आली नाहीत तर ‘राउंड अँड राउंड अँड राउंड’ची ओळ पहिल्यांदा तपासणार, कारण मला तिचाच संशय आहे. ती भरभर म्हटली की चौथा आघात कधी कधी निसटतो. तोवर तुमच्या घरी वाटेत कोण कोण भेटायचं आणि शेवटी कोल्ह्याचं काय व्हायचं, ते कळवा. विदर्भातलं आणि कोकणातलं काही असेल तर आधी.