न छापलेली आकृती

प्रश्न चौथा, गुण दहा. त्याखाली एक चौकट आणि चौकटीखाली ‘आकृती ४’ एवढीच अक्षरं. चौकटीच्या आत कोरा कागद. बाकीचं काही विसरले असेन, पण ती कोरी चौकट अजून डोळ्यांसमोर आहे.

प्रश्नाचे शब्द साधारण असे होते : ‘आकृती ४ मध्ये एका ठोकळ्याचे समोरील दृश्य व वरील दृश्य दिले आहे. ठोकळ्याची एकूण लांबी ६० मिमी, रुंदी ४० मिमी व उंची ५० मिमी असून त्यास २० मिमी व्यासाचे एक आरपार भोक आहे. ही दोन्ही दृश्ये प्रथम कोन पद्धतीने काढून डावीकडून दिसणारे दृश्य काढा.’ आम्ही एकमेकांच्या पेपरात डोकावलो. सगळ्यांच्याच चौकटी कोऱ्या. त्या दिवशी वर्गावर भाषेच्या बाई होत्या. त्यांनी चष्मा वर करून पेपर पाहिला आणि म्हणाल्या, “जे छापलंय तेवढं सोडवा.”

तेवढं म्हणजे नेमकं किती, हाच खरा प्रश्न होता, हे कळायला मला आठवडा लागला.

माझ्या बाकावरच्या मैत्रिणीने प्रश्न सोडून दिला. मी मात्र हुशारी केली. पाठ्यपुस्तकातला एल आकाराचा कंस मला तोंडपाठ होता. खाली जाड पाया, मागे उभी भिंत, पायात वरून खाली जाणारं भोक. मापं बदलून तोच काढला. ४५ अंशांची रेषा काढून खोली बाजूच्या दृश्यात वळवून घेतली, भोकाच्या तुटक रेषा सुबक काढल्या, कडा टू एच नंतर एचबीने गडद केल्या. पेपर हातात आला तेव्हा दहापैकी दोन गुण होते आणि लाल शाईत एकच ओळ : ‘हा ठोकळा कुणाचा?’

मागच्या बाकावरच्या एका मुलाला सात मिळाले होते. त्याने तर ठोकळा जवळजवळ काढलाच नव्हता! मला ते अन्यायाचं वाटलं आणि मी ते सरांना बोलूनही दाखवलं. सर चिडले नाहीत. “बस, आजचा तास त्याच प्रश्नावर,” म्हणाले आणि फळ्याशी गेले.

आधी त्यांनी एक्सवाय रेषा ओढली. तिच्या वर ६० रुंद, ५० उंच आयत. त्याच्या सरळ खाली ६० रुंद, ४० उंच आयत. समोरच्या दृश्याच्या उजवीकडे ४० रुंद, ५० उंच आयत. प्रथम कोन पद्धतीत वस्तू आपण आणि पडदा यांच्यामध्ये असते, म्हणून वरचं दृश्य खाली पडतं आणि डावीकडून पाहिलेलं दृश्य उजवीकडे. “आकृती नाही, तरी एवढं आपल्याला ठाऊक आहे,” सर म्हणाले. “उंची समोरच्या दृश्यातून आडवी येते, खोली वरच्या दृश्यातून ४५च्या रेषेवर वळून येते. तिन्ही चौकटी कुठे बसणार आणि केवढ्या असणार, हे नुसत्या वाक्यावरून निघतं. पण चौकट म्हणजे ठोकळा नव्हे. ठोकळा चौकटीच्या चारही बाजूंना कुठेतरी टेकतो, एवढंच ती सांगते.”

सात गुणवाल्याने नेमक्या त्या तीन चौकटी काढल्या होत्या. खाली लिहिलं होतं, ‘आकृती छापलेली नाही. आतल्या रेषा देता येत नाहीत. भोक समोरून मागे जाते असे मानले आहे.’ आणि त्या मानण्याप्रमाणे भोक तिन्ही दृश्यांत बरोबर दाखवलं होतं.

भोकाच्या त्या वाक्यावर सर बराच वेळ थांबले. २० व्यास आणि आरपार, इतकं प्रश्नात आहे. कुठून कुठे आरपार, ते नाही. समोरून मागे गेलं तर समोरच्या दृश्यात वर्तुळ दिसेल आणि बाजूच्या दृश्यात एकमेकींपासून २० मिमीवर दोन आडव्या तुटक रेषा. वरून खाली गेलं तर वर्तुळ वरच्या दृश्यात, आणि बाजूला दोन उभ्या तुटक रेषा. डावीकडून उजवीकडे गेलं, तरच बाजूच्या दृश्यात वर्तुळ येईल. मग तुटक रेषा उरलेल्या दोन दृश्यांत जातील. एका वाक्याची तीन वेगळी उत्तरं, तिन्ही शब्दांशी प्रामाणिक. भोक मध्यावर आहे की एका कडेला, तेही वाक्यात नव्हतं. माझी चूक भोक उभं धरण्यात नव्हती. ते धरलं आहे, हे मी कुठे लिहिलंच नव्हतं. तपासणाऱ्याला माझी रेघ दिलेल्या आकृतीतून आली की माझ्या डोक्यातून, हे कळायला मार्ग नव्हता.

मी विचारलं, “सर, मग असा प्रश्न आला तर काय करायचं?”

“आधी पर्यवेक्षकांना सांगायचं. आकृती मिळाली नाही तर वर ठळक लिहायचं, काय दिलंय आणि काय मानलंय. मग मानलेली दोन दृश्यं मापांसकट काढायची आणि तिसरं त्यांतूनच काढायचं. तिन्ही एकमेकांशी जुळली पाहिजेत, म्हणजे तपासणाऱ्याला निदान तुझी पद्धत तपासता येते.”

एका मुलाने विचारलं, पर्याय दिले असतील तर? चार बाजूची दृश्यं छापली आहेत आणि मूळ आकृतीच गायब. सर हसले. बाहेरचं माप ४० बाय ५० नाही तो पर्याय खोडता येतो, म्हणाले, पण पेपर काढणारा इतका भोळा नसतो, चारही त्याच मापाचे देतो. तीन पर्याय सारखे दिसतात म्हणून त्यांतला एक धरणं याला त्यांनी जो शब्द वापरला तो स्मरणिकेत छापता येणार नाही.

घंटा झाली तेव्हा त्यांनी खरी आकृती फळ्यावर काढून दिली. भोक डावीकडून उजवीकडे जात होतं, म्हणजे मी आणि सात गुणवाला दोघेही चुकलो होतो! उरलेली आकृती अगदीच साधी होती. समोरच्या दृश्यात तळापासून २० मिमीवर डावीकडून उजवीकडे एक सलग आडवी रेषा. वरच्या दृश्यात पुढच्या कडेपासून १५ मिमीवर तशीच एक सलग रेषा. “भोक तूर्त विसरा,” सर म्हणाले. “आता आकृती मिळाली ना? उद्या डावीकडचं दृश्य काढून आणा.”

आम्ही सगळ्यांनी पायरी काढून आणली. पुढे १५ मिमी खोलीची, २० उंचीची पायरी आणि मागे २५ मिमी खोलीचा भाग वरपर्यंत. डावीकडून पाहताना वस्तूची पुढची बाजू आपल्या उजव्या हाताला येते, म्हणून पायरी दृश्याच्या उजवीकडे. कुणीच चुकलं नव्हतं.

सरांनी टेबलावर तीन साबण ठेवले. तिन्ही कापलेले.

पहिला आमचा, पायरीचा. दुसऱ्यात पायरी नव्हतीच. पुढची बाजू तळापासून २० पर्यंत उभी आणि तिथून एक तिरपं पृष्ठ मागे चढत १५ मिमी आत गेल्यावर माथ्याला मिळालेलं. समोरून पाहा, २०वर एक कड. वरून पाहा, १५वर एक कड. सरांनी वहीत टिपून घ्यायला लावलं : दोन्ही साबणांची समोरची आणि वरची दृश्यं अगदी एक. फरक फक्त बाजूच्या दृश्यात, आणि तेच तर आम्हाला शोधायला सांगितलं होतं. सर पुढे म्हणाले की तो तिरपा भाग सपाट न करता आत वळलेला कोरला, तरीही पहिली दोन दृश्यं तीच राहतील.

तिसरा साबण ओळखायला आम्हाला वेळ लागला. त्याला पुढची उभी बाजू नव्हती. तळाच्या पुढच्या कडेपासूनच तो मागे चढत गेला होता. १५ मिमी आत आणि २० वर गेल्यावर त्याचा चढ किंचित बदलला आणि तिथून तो मागच्या वरच्या कडेपर्यंत पोचला. पहिला उतार साधारण ५३ अंशांचा, दुसरा साधारण ५० अंशांचा. तीन अंशांचा फरक. डोळ्याला ते एकच पृष्ठ वाटलं, पण बोट फिरवलं की मधे एक पुसटशी कड लागायची. त्या पुसट कडेचीच समोरच्या दृश्यात २०वर आणि वरच्या दृश्यात १५वर पूर्ण गडद रेषा होत होती, पायरीच्या कडेइतकीच गडद. रेघेत कड किती तीक्ष्ण आहे हे दिसत नाही.

मग प्रश्न काढणाऱ्याने काय करायला हवं होतं, असं मी विचारलं. सरांच्या मते त्याने एकतर तिसरं दृश्य द्यायला हवं होतं, नाहीतर प्रश्नात एक शब्द घालायला हवा होता : पायरीचा ठोकळा, उताराचा ठोकळा. म्हणजे आकृती छापली गेली असती, तरी आमच्या पेपरात एका शब्दाची जागा कोरीच राहिली असती. मला ते ऐकून जरा बरं वाटलं, दोन गुण मात्र दोनच राहिले.

आता मी ड्रॉइंग ऑफिसात असते. कधीतरी अर्धवट स्कॅन झालेला कागद येतो, वरचं दृश्य कापलं गेलेलं. मी आधी शीर्षकचौकटीत छाटलेल्या शंकूचं चिन्ह शोधते, कारण पद्धत प्रथम कोनाची की तृतीय कोनाची हे कळलं नाही तर शेजारचं दृश्य डावं की उजवं हेच ठरत नाही. दृश्य तेच असतं, त्याची जागा बदलते. त्यानंतर फोन करते. ज्युनियर मुलं म्हणतात, “मॅडम, पायरीच असणार.” असेलही. फोन मी तरी करतेच.

ते साबण सरांनी कपाटात ठेवले, पण तिसरा फार दिवस तिथे राहिला नाही. खडूने भरलेले हात धुवायला कुणीतरी तो नळावर नेला. पंधरा दिवसांनी सरांनी तो वर्गात आणला, तेव्हा मधली कड पार झिजून गेली होती. मला बोलावून त्यांनी बोट फिरवायला लावलं. काही लागलं नाही.

“जा,” सर म्हणाले, “दोन्ही दृश्यांतली ती रेघ खोडून ये.”