तुम्ही विचारलंत म्हणून: पावडर भरली, तरी टोनर संपलेलाच?

"कालच तुमच्याकडून कार्ट्रिज भरून नेलं, तरी प्रिंटर टोनर संपला म्हणतो. पावडर कमी टाकलीत का?"

नाही हो, वजन करून टाकतो. तहसील कचेरीसमोर टायपिंगचं दुकान चालवणारे एक काका मागच्या महिन्यात हेच म्हणाले, जरा चढ्या आवाजात. मी काही न बोलता कार्ट्रिज काट्यावर ठेवलं. भरण्याआधीचं वजन मी मार्करने त्याच्या अंगावरच लिहून ठेवतो. तिथे ५६२ ग्रॅम लिहिलं होतं, काटा ६२२ दाखवत होता. ६० ग्रॅम पावडर आत होती. काका गप्प झाले, पण प्रिंटर काही गप्प होईना. `Replace Toner` तसंच.

गोष्ट अशी की बहुतेक छोट्या लेझर प्रिंटरला पावडर दिसतच नाही. तो हिशेब करतो. लेझरने किती ठिपके उमटवले, रोलर किती फिरला, यावरून पावडर किती गेली असेल याचा अंदाज बांधतो आणि तो आकडा कार्ट्रिजच्या कडेला चिकटवलेल्या नखाएवढ्या चिपमध्ये लिहितो. काकांच्या कार्ट्रिजच्या लेबलवर '१,५०० पानं' असं लिहिलेलं होतं, म्हणजे पानाचा साधारण ५ टक्के भाग काळा धरून. ६० ग्रॅमला १,५०० ने भागलं तर पानामागे ४० मिलिग्रॅम. तेवढा हिशेब पुरा झाला की चिप म्हणते संपलं. आत नवी पावडर आली हे तिला कळायला काही मार्गच नाही. गाडीत पेट्रोल भरलं म्हणून किलोमीटरचा आकडा मागे येतो का? ही नोंदही तशीच, फक्त पुढे जाणारी. प्रिंटर बंद करून चालू करा, कार्ट्रिज काढून पुन्हा बसवा, आकडा तोच राहतो, कारण तो प्रिंटरच्या नव्हे, चिपच्या पोटात आहे.

पूर्वी ही कटकट नव्हती. एचपी १०२० मध्ये बसणाऱ्या १२ए कार्ट्रिजला चिपच नव्हती. पावडर भरा, लावा, छापा. ब्रदरच्या काही कार्ट्रिजमध्ये चिपऐवजी बाजूला एक दातेरी चाक असतं. नवीन कार्ट्रिज लावलं की ते एकदा फिरून आतलं बटण दाबतं आणि मोकळं होतं. ते हाताने मागे फिरवून बसवलं की प्रिंटर फसतो. मला ती युक्ती फार आवडते.

आता चिपवाल्यांत दोन तऱ्हा आहेत. काही प्रिंटर नुसतेच कुरकुरतात. ८८ए सारख्या कार्ट्रिजवर 'फारच कमी' असा इशारा येत राहतो आणि छपाई चालू राहते. काही मॉडेलांच्या मेनूत `Very Low` च्या पुढे `Continue` निवडता येतं. अशांना नवी चिप घालायला मी सांगत नाही, उगाच खर्च. दुसरी तऱ्हा काकांच्या प्रिंटरची, जो अडूनच बसतो. तिथे चिप बदलावीच लागते. जुनी चिप ब्लेडने अलगद उचलायची, त्याच जागी त्याच नंबरची नवी बसवायची, सोनेरी बाजू वर आणि तिला बोट न लावता. नंबर जुळला तरी दुसऱ्या देशासाठी बनवलेली चिप चालेलच असं नाही. आणि प्रिंटरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट झालं असेल तर काल चालणारी बाजारातली चिप आज नाकारली जाऊ शकते. म्हणून मी दुकानात चालवून पाहिल्याशिवाय पैसे घेत नाही.

खरंच पावडर कमी आहे का, हे संदेशावरून ठरवू नका, कागदावरून ठरवा. छपाई पट्ट्यापट्ट्यांनी फिकट येत असेल तर कार्ट्रिज काढून आडवं धरून हलवा. थोडा वेळ पुन्हा काळं उमटलं, तर पावडर खरंच संपत आलीय. काळंभोर येतंय आणि तरी 'संपला' दिसतंय, तर दोष चिपचा. सगळ्या पानावर करडी छटा येत असेल तर प्रकरण वेगळं: ड्रम पुसणारी ब्लेड झिजलीय किंवा वाया गेलेल्या पावडरचा कप्पा भरलाय. तो कप्पा दर वेळी रिकामा करायचा असतो आणि त्यातली पावडर परत वापरायची नसते, कारण तिच्यात कागदाची धूळ असते. घरी भरणारे नेमकं हेच विसरतात. सांडली तर थंड पाण्याने पुसा, गरम पाण्याने ती कापडालाच चिकटते.

काकांना चिप बसवून दिली, पहिलं पान निघालं. ते बिल बघून म्हणाले, "पावडरीपेक्षा चिपचेच पैसे जास्त?" मी जुनी चिप त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती चष्म्यापुढे धरून उलटसुलट पाहिली आणि खिशात टाकली. कशाला, ते मी विचारलं नाही.